पहिल्या दिवशी नाव विचारू नका

प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

मंडळी, 15 जूनच्या सुमारास आपल्याकडे प्रवेशोत्सव होतो. फुगे, गुलाब, लेझीम, कुठे बैलगाडीतून मिरवणूक. हौस चांगलीच आहे. पण त्याच ढोलाच्या आवाजाने एखादं मूल आईच्या पदराआड आणखी शिरतं. मी त्या मुलाबद्दल बोलणार आहे.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास आणले. पाचांतलं साधारण एक बाळ जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. अशांतली बरीच मुलं पुढे अनोळखी ठिकाणी बुजरी निघाली, सगळी नाही. म्हणजे ‘आईने लाडावून ठेवलंय’ हे आपलं ठरलेलं निदान बहुतेक वेळा चुकतं.

समजा, दुसरीत एक मुलगी आली. वडील एसटीत, त्यांची बदली झाली म्हणून शाळा बदलली. दाखल्यावर ज्ञानेश्वरी, घरी माऊ. आपण दारातच विचारतो, “नाव काय गं तुझं?” ती गप्प. “अगं, सांग ना!” आता वर्गातल्या डोळ्यांच्या तीस जोड्या तिच्याकडे वळतात. आपल्याला वाटतं आपण स्वागत केलं. तिची मात्र तोंडी परीक्षा झाली.

त्याऐवजी घरचं नाव प्रवेश घेतानाच आईला विचारून ठेवा. मुलगी आली की गुडघ्यावर बसा, अगदी समोर नको, जरा बाजूला. “ये माऊ. तुझ्या बाटलीवर ससा आहे, दिसला मला.” बस्स. याला उत्तर द्यावं लागत नाही. मग पाच-सात सेकंद थांबा. हे सगळ्यांत अवघड, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही! तिने नुसती मान हलवली, बाटली पुढे केली, तरी तिने नमस्कार घेतला असं समजा. लगेच हातात काहीतरी द्या: “हे खडू टेबलावर ठेवतेस?” आणि शेजारी एकच शांत मुलगी बसवा, अख्खा वर्ग ओळख करून द्यायला उठवू नका.

आईने गुपचूप सटकू नये. “शाळा सुटल्यावर मी गेटपाशी असेन,” एवढं सांगून निघावं, आणि खरंच असावं.

जमतंय का, हे बोलण्यावरून ताडू नका. दप्तराचा पट्टा घट्ट धरलेली मूठ सैल झाली का? डबा खाल्ला का? लघवीला जायचंय हे खुणेने तरी सांगितलं का? बुजरी मुलं हे सांगत नाहीत आणि दिवसभर धरून ठेवतात.

यालाही मर्यादा आहे. पहिल्या महिन्यातली चुप्पी नव्या शाळेची म्हणून सोडून द्यावी. पण घरी भरभरून बोलणारं मूल त्यानंतरही महिनाभर शाळेत एक शब्द काढत नसेल, तर ते निवडक मौन असू शकतं. तेव्हा बोलण्यासाठी चॉकलेटचं आमिष नको, रागावणं नको. पालकांशी बोलून बालमानसतज्ज्ञाकडे पाठवा, आणि तोवर सकाळचं “ये माऊ” चालू ठेवा.