सोया दुधाचा चोथा: पोळीत किती, कटलेटमध्ये कसा?

नमस्कार मंडळी. आज माझ्या ठाण्याच्या स्वयंपाकघरातून एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. घरी सोयाबीनचं किंवा बदामाचं दूध काढलं की फडक्यात जो चोथा उरतो, तो पोळीत आणि कटलेटमध्ये घालायचा कसा? नुसतं "कणकेत मळा आणि लाटा" म्हणणारे व्हिडिओ खूप आहेत. ते बघून लोक मळतात, मग पोळी फाटते, कटलेट तेलात उकलतं आणि तिसऱ्या दिवशी चोथा थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो.

(कॅमेरा ओट्यावर: फडक्यातला चोथा परातीत)

हा बघा. जांभळी नाक्यावरून आणलेलं १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवलं, ते पाणी फेकून दिलं, सालं चोळून काढली आणि साधारण पाऊण लिटर पाणी घालून वाटलं. फडक्यातून हाताने पिळल्यावर एवढा चोथा उरला, एक भरून वाटी. कमी पिळला तर जास्त दिसेल, पण ते जास्तीचं सगळं पाणीच.

आता पहिला प्रश्न, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा: तुमचा चोथा कच्चा आहे की शिजलेला? दूध काढायच्या दोन पद्धती आहेत. एकीत वाटलेलं सगळं आधी उकळतात आणि मग गाळतात. त्यात चोथा दुधाबरोबरच शिजतो. दुसरीत आधी गाळतात आणि फक्त दूध उकळतात. आपल्याकडे बहुतेक जणी दुसरी पद्धत वापरतात, कारण ती सुटसुटीत आहे, खाली लागत नाही. पण मग चोथा कच्चा राहतो. ज्यांच्याकडे दूध गरम करणारं मशीन आहे, त्यांचा चोथा शिजलेलाच असतो.

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारे घटक असतात. ते उष्णतेने निकामी होतात, पण त्यासाठी नीट वेळ द्यावा लागतो. न शिजलेला चोथा खाल्ला तर पोट दुखतं, मळमळतं, गॅस होतो. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, तव्यावर भाजलं जातंच की, वेगळं कशाला शिजवायचं?" मी म्हटलं, "काकू, पोळी तव्यावर दोन मिनिटं असते. भाजते ती वरून, आतल्या चोथ्याला तेवढा वेळ पुरत नाही." कटलेटचंही तेच. बाहेरून लाल झालं म्हणजे मधला सोया शिजला असं नाही.

म्हणून कच्चा चोथा आधी शिजवायचा. मी तो कुकरच्या डब्यात पसरते, दोन-तीन चमचे पाणी शिंपडते, वर झाकण ठेवते आणि वरण-भाताबरोबरच कुकरला लावते. शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा मिनिटं. मोदकपात्रात वाफवायचा असेल तर वीस मिनिटं धरा, पण थर पातळ ठेवा. मोठा गोळा तसाच ठेवला तर मध्यभागी कच्चा राहतो. शिजला का हे नाकाला कळतं. कच्च्या चोथ्याला हिरव्या शेंगेसारखा उग्र वास असतो. शिजला की तो जातो आणि उकडलेल्या डाळीचा साधा वास येतो.

दूधही नीट उकळायचं बरं का. सोया दूध खरी उकळी यायच्या आधीच फेसाळून वर येतं. तो फेस बघून गॅस बंद करू नका. आच कमी करून दहा मिनिटं ढवळत राहा.

आता पोळीकडे येऊ.

(परातीत कणीक)

दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी शिजवून गार केलेला, घट्ट पिळलेला चोथा. याहून जास्त घालू नका. चोथ्यात मुख्यतः तंतू असतात. तो पूर्ण वाळवला तर त्याचं निम्म्याच्या आसपास वजन तंतूंचं भरतं. गव्हाची पोळी लाटता येते ती ग्लुटेनच्या लवचिकपणामुळे. चोथ्यात ग्लुटेन अजिबात नाही, उलट त्याचे कण त्या जाळ्यात मधे मधे येऊन ते तोडतात. म्हणून पातळ लाटायला गेलं की कड फाटते. चोथा जाड असेल तर मिक्सरमधून पाण्याशिवाय एकदा फिरवून घ्या, फरक दिसतो.

मळताना आधी पाणी घालायचं नाही. कणीक, मीठ, एक चमचा तेल आणि चोथा हे कोरडंच चोळा. चोथ्याच्या गुठळ्या बोटांनी मोडल्या पाहिजेत. हे बघा, मूठ दाबली की पीठ आकार धरतंय आणि बोट लावलं की मोडतंय. इथे दहा मिनिटं झाकून ठेवा. चोथ्यातलं पाणी कणीक हळूहळू ओढून घेते. मग लागेल तसं चमच्या-चमच्याने पाणी घाला. नेहमीपेक्षा घट्ट मळा आणि आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कारण हा गोळा ठेवल्यावर सैल होतो. मळतानाच नेहमीसारखा मऊ केला तर लाटताना पोळपाटाला चिकटेल, मग तुम्ही पिठी घालत राहाल आणि पोळी कडक होईल.

घडीची पोळी याची करू नका, हे माझं स्पष्ट मत. तिची मजा पदरांमध्ये असते आणि चोथ्याने पदर सुटत नाहीत. पराठ्याइतकी किंवा धपाट्याइतकी जाड लाटा, मध्यम आचेवर तेल सोडून भाजा. गॅसवर फुलवायच्या भानगडीत पडू नका. पोळीत बारीक भोकं असतात, वाफ तिथून निसटते. ओवा, तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलीत तर सोयाचा वासही झाकला जातो. आणि मीठ थोडं जास्त लागतं, चोथ्याला स्वतःची चव फार नसते.

थालीपीठ करणाऱ्यांचं काम याहून सोपं. भाजणी मुळातच थापायची असते, ताणायची नाही, त्यामुळे तिला चोथ्याचा त्रास कमी. ज्वारीच्या भाकरीत मात्र जपून घाला, चार वाट्या पिठाला अर्धी वाटी पुरे, आणि पीठ गरम पाण्याने मळा.

आता कटलेट, जिथे सगळं गणित पाण्याचं आहे.

(जाड बुडाची कढई, बारीक आच)

शिजलेला, पिळलेला चोथा हाताला कोरडा लागतो, पण तसा नसतो. तंतूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. कटलेट तेलात गेलं की त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना कटलेट फोडते. म्हणून एक वाटी चोथा चमचाभर तेलावर कढईत परतून घ्यायचा. नीट बघा. सुरुवातीला सगळा एकच गोळा उलथन्याबरोबर फिरतो, वाफ येते, खाली चिकटतो. सात-आठ मिनिटांनी वाफ कमी होते, खाली लागायचं थांबतं आणि हा बघा, खोवलेल्या नारळासारखा सुटा झाला. इथेच थांबायचं. तपकिरी होईपर्यंत भाजला तर कटलेट तोंडात रवाळ लागतं.

ताटात पसरून गार करा. मग दोन मध्यम उकडलेले बटाटे, पूर्ण गार झालेले आणि किसलेले. गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो, वर वाफही धरतो. पाव वाटी पातळ पोहे कोरडेच मिक्सरमधून काढून घ्या. भिजवून घालू नका, ते पीठच उरलेलं पाणी ओढून घेणार आहे. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, जिरेपूड, आमचूर. मीठ अगदी शेवटी घाला, कारण ते पाणी सोडायला लावतं.

बेसन घालायचं असेल तर आधी कोरडं भाजून घ्या. शॅलो फ्रायमध्ये कटलेट आतून फार वेळ तापत नाही आणि कच्च्या बेसनाची चव राहून जाते.

मिश्रण पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, चपटे वळा, रव्यात घोळवा आणि तव्यावर मध्यम आचेवर सोडा. आधी एकच सोडून बघा. कडेला भेग पडली तर पाणी जास्त आहे, चमचाभर पोह्याचं पीठ वाढवा. वळतानाच कडा कोरड्या चिरत असतील तर उलट, अर्धा बटाटा आणखी हवा. आणि खालची बाजू नीट लाल होईपर्यंत उलथनं लावू नका. ज्यांना धीर नाही त्यांचं कटलेट तुटतं, मिश्रणाचा त्यात काही दोष नसतो.

बदामाचा चोथा वेगळ्या जातीचा. तो शिजवायची सक्ती नाही, भिजवलेले बदाम आपण कच्चे खातोच. पण त्यात तेल असतं, त्यामुळे कणकेत वेगळं तेल घालू नका आणि आच कमी ठेवा, डाग लवकर पडतात. दोन वाट्या कणकेला पाव ते एक तृतीयांश वाटी पुरे. कटलेटमध्ये तो एकटा चालत नाही, भुसभुशीत होतो. त्याच्याइतकाच, किंबहुना थोडा जास्त बटाटा हवा. दुधात खजूर घालून वाटलं असेल तर तो चोथा कटलेटला विसरा, गोड पराठा करा. काजू नीट वाटला तर हातात जेमतेम काही उरतं. आणि शेंगदाणे वापरणाऱ्यांनी भिजवण्याआधी कडू, काळपट, बुरशी धरलेले दाणे वेचून टाका. बुरशीचं विष शिजवून किंवा भाजून जात नाही.

सोयाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेलं कुणी घरात असेल तर हे डब्यात देताना सांगून द्या. पोळीत घातलेला चोथा दिसत नाही.

राहता राहिलं साठवणं. चोथा ओला असतो आणि त्यात आंबटपणा नसतो, त्यामुळे लवकर बिघडतो. ठाण्याच्या पावसाळ्यात ओट्यावर दुपारपर्यंतसुद्धा ठेवू नका. फ्रिजमध्ये दोन दिवस. आंबूस वास, बोटाला तार किंवा गुलाबी छटा दिसली की टाकून द्या, शिजवून वाचवायला जाऊ नका. उन्हात वाळवायचा बेत इथल्या दमट हवेत सोडाच. शिजवलेला चोथा वाटी-वाटीने पिशवीत भरा, हाताने सपाट करा आणि फ्रीजरमध्ये टाका, दोन महिने राहतो. बाहेर काढल्यावर मात्र तो आधीपेक्षा जास्त पाणी सोडतो, म्हणून कणकेत घालायच्या आधी पुन्हा एकदा फडक्यात घेऊन पिळायचा.