एकच यंत्र, एकच विक्री : एका पद्धतीत नफा, दुसरीत तोटा

मित्रहो, आज आपण एकच गणित सोडवणार आहोत. परीक्षेच्या आधी अभ्यासाच्या गटांमध्ये पुस्तकाच्या पानाचे जे फोटो फिरतात, तसाच हा एक फोटो आहे. पान शिवणीजवळ वाकलेलं आहे, उजव्या कोपऱ्यावर सावली पडली आहे आणि शेवटच्या ओळीतला एक शब्द त्या सावलीत गेला आहे. दिसतं ते असं :

१ एप्रिल २०२० रोजी ९०,००० रुपयांचं यंत्र घेतलं, उभारणीला १०,००० रुपये खर्च आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ६०,००० रुपयांचं दुसरं यंत्र घेतलं. ३० सप्टेंबर २०२२ रोजी पहिलं यंत्र ७६,००० रुपयांना विकलं. घसारा दरसाल दरशेकडा १०. हिशेब दरवर्षी ३१... आणि पुढचा महिना सावलीत. खाली विचारलंय की स्थिर हप्ता पद्धतीने आणि घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने यंत्राचं खाते तयार करा.

तो दडलेला शब्द तूर्त 'मार्च' आहे असं धरू. तो खरोखर मार्चच आहे का, हे नंतर तपासू. ते तपासता येतं, आणि या गणितातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे.

आधी पहिलं यंत्र. त्याची किंमत ९०,००० नाही, १,००,००० आहे. उभारणी, वाहतूक, पाया बांधणं असा यंत्र चालू होईपर्यंतचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवतात, कारण त्या खर्चाशिवाय यंत्राचा उपयोगच सुरू होत नाही. इथे घसरलं की पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. वर, ९०,००० चे दहा टक्के ९,००० असा गोल आकडाच येत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

आता दोन्ही पद्धती शेजारी शेजारी मांडू.

| कालावधी | स्थिर हप्ता : घसारा | शिल्लक | घटती शिल्लक : घसारा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| २०२०-२१ | १०,००० | ९०,००० | १०,००० | ९०,००० |
| २०२१-२२ | १०,००० | ८०,००० | ९,००० | ८१,००० |
| १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२२ | ५,००० | ७५,००० | ४,०५० | ७६,९५० |

स्थिर हप्त्यात दर नेहमी मूळ किमतीवर लागतो, म्हणून वर्षाला दहा हजार ठरलेले. घटत्या शिल्लकीत तो वर्षाच्या सुरुवातीला जे उरलं असेल त्यावर लागतो. पहिल्या वर्षी दोन्हींत फरक नाही. दुसऱ्या वर्षी एका हजाराचा फरक पडतो.

तिसरी ओळ नीट बघा. यंत्र वर्षाच्या मध्यावर विकलं. विक्रीच्या दिवसापर्यंत ते कारखान्यात चाललं, म्हणून त्या सहा महिन्यांचा घसारा आधी काढायचा आणि मगच विक्रीची किंमत समोर ठेवायची. ही ओळ गाळणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. स्थिर हप्त्यात ती गाळली तर पुस्तकी किंमत ८०,००० राहते आणि ७६,००० ला विकल्यावर ४,००० तोटा दिसतो. खरं उत्तर १,००० नफा आहे. म्हणजे आकडा तर चुकतोच, नफ्याचा तोटाही होतो. घटत्या शिल्लकीत आणखी एक चूक होते : अर्ध्या वर्षाचा घसारा मूळ एक लाखावर काढतात आणि ५,००० लिहितात. तो ८१,००० वर काढायचा. वर्षाचे ८,१०० आणि त्याचे निम्मे ४,०५०.

दर लिहिताना 'दरसाल' हा शब्द आहे, तोही फोटोत शोधून बघा. तो असेल तर महिने मोजायचे. तो नसेल तर काही शिक्षक खरेदीच्या वर्षीही पूर्ण वर्षाचा घसारा धरतात. तेव्हा आपण काय गृहीत धरलं ते उत्तराखाली एका ओळीत लिहावं.

आता विक्री. आले ७६,०००. स्थिर हप्त्यात यंत्र पुस्तकात ७५,००० ला उभं होतं, म्हणून १,००० नफा. घटत्या शिल्लकीत ते ७६,९५० ला उभं होतं, म्हणून ९५० तोटा. यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच, रक्कम तीच. आणि एक वही नफा म्हणते, दुसरी तोटा.

इथे बरेच जण गोंधळतात, आपलं कुठेतरी चुकलं असं समजून सगळं पुन्हा सुरू करतात. चुकलेलं काही नाही. 'विक्रीवरील नफा' या शब्दांनी आपली दिशाभूल होते. तो बाजारातल्या फायद्याचा आकडा नाही. आपण आतापर्यंत जो घसारा अंदाजाने लावत आलो, त्यात झालेली ती दुरुस्ती आहे. एक लाखाचं यंत्र ७६,००० ला गेलं, तेव्हा अडीच वर्षांत ते आपल्याला २४,००० ला पडलं. हे कुठल्याच पद्धतीने बदलत नाही. स्थिर हप्त्यात आपण घसारा लावला २५,०००, म्हणजे हजार जास्त. ते हजार नफा म्हणून परत आले. घटत्या शिल्लकीत लावला २३,०५०, म्हणजे ९५० कमी. ते तोटा म्हणून भरून घेतले. पंचवीस हजारातून एक हजार गेले, २४,०००. तेवीस हजार पन्नासात नऊशे पन्नास मिळवले, २४,०००.

ही पडताळणी प्रत्येक वेळी करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एकूण घसारा वजा नफा, किंवा अधिक तोटा, हा मूळ किंमत वजा विक्री किंमत याइतका आलाच पाहिजे. मात्र तिची मर्यादाही ओळखा. विक्रीच्या वर्षाचा घसारा गाळून तोटा दाखवला तरी ही बेरीज जुळते, कारण गाळलेली रक्कम तोट्यात जाऊन बसते. ही पडताळणी बेरीज-वजाबाकीची चूक पकडते, विसरलेली ओळ पकडत नाही.

खात्यात हा नफा कुठे जातो? 'नफा म्हणजे जमा' असं म्हणून तो यंत्राच्या खात्यात जमेला लिहिला की खाते जुळत नाही. यंत्राच्या खात्यातून ७५,००० निघून जायला हवेत, पण बँकेच्या नावाने जमेला ७६,००० आले. जास्तीचे हजार तोलायला नफा नावे बाजूला लिहायचा. तो जमा होतो नफा-तोटा खात्याला. तोटा याच्या उलट, यंत्राच्या खात्यात जमेला.

दुसऱ्या यंत्राचं पटकन सांगतो. २०२१-२२ मध्ये ते सहा महिने होतं, दोन्ही पद्धतींत घसारा ३,०००, शिल्लक ५७,०००. पुढच्या वर्षी स्थिर हप्त्याने ६,०००, घटत्या शिल्लकीने ५७,००० वर ५,७००. उरले अनुक्रमे ५१,००० आणि ५१,३००. शेवटच्या वर्षाच्या खात्याची बेरीज दोन्ही पद्धतींत १,३८,००० येते. एकीकडे सुरुवातीची शिल्लक १,३७,००० आणि नफा १,०००. दुसरीकडे सुरुवातीची शिल्लकच १,३८,०००. हा या आकड्यांचा निव्वळ योगायोग आहे. पुढच्या गणितात बेरजा सारख्या आल्या नाहीत म्हणून खाडाखोड करू नका.

आता सावलीतला शब्द. ३१ मार्च असू शकतो, तसाच ३१ डिसेंबरही. डिसेंबर धरून बघू. स्थिर हप्त्यात २०२० चे नऊ महिने ७,५००, २०२१ चे १०,०००, २०२२ चे नऊ महिने ७,५००. एकूण पुन्हा २५,०००, नफा पुन्हा १,०००. स्थिर हप्त्यात वर्ष कुठे तोडलं याने विक्रीवरचा नफा बदलत नाही, कारण महिन्याचा घसारा एकच आहे आणि महिने एकूण तीसच. म्हणजे या बाजूचं उत्तर आपल्याला काहीच सांगत नाही.

घटत्या शिल्लकीत मात्र वर्षअखेर हाच पाया खाली येण्याचा दिवस असतो. मार्च धरला तर पहिले बारा महिने पाया एक लाखाचा. डिसेंबर धरला तर तो नऊच महिन्यांनी ९२,५०० वर येतो, त्यानंतरच्या वर्षाचा घसारा ९,२५० लागून ८३,२५० वर, आणि उरलेल्या नऊ महिन्यांचा घसारा ६,२४३ रुपये ७५ पैसे. पुस्तकी किंमत ७७,००६ रुपये २५ पैसे, तोटा १,००६ रुपये २५ पैसे. पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेलं असतं. तिथे तोटा ९५० असेल तर सावलीत मार्च आहे. १,००६ च्या आसपास असेल तर डिसेंबर. उत्तरांचं पान हाताशी नसेल तरी पैशांत येणारा आकडा बघून शंका घ्यावी. गणित रचणारा माणूस सहसा पूर्ण रुपये येतील असे आकडे निवडतो.

एक प्रश्न राहतो. घटत्या शिल्लकीत सुरुवातीला जास्त घसारा लागतो असं आपण पाठ केलेलं असतं. इथे उलटंच झालं, स्थिर हप्त्याने जास्त लागला. कारण अभ्यासात दोन्हींना एकच दर, दहा टक्के, दिलाय. तुलना सोपी व्हावी म्हणून तसं करतात, पण प्रत्यक्षात दोन्हींचे दर सारखे नसतात. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे आणि मोडीची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. त्या दोन आकड्यांवरून स्थिर हप्त्याचा दर निघतो सुमारे ६.३३ टक्के, आणि पंधरा वर्षांनी त्याच ५ टक्क्यांवर पोचायला घटत्या शिल्लकीचा दर लागतो सुमारे १८.१० टक्के.

हे दर आपल्या यंत्राला लावून बघा. स्थिर हप्त्याने अडीच वर्षांत घसारा सुमारे १५,८३३, पुस्तकी किंमत ८४,१६७, म्हणून ७६,००० ला विकल्यावर ८,१६७ तोटा. घटत्या शिल्लकीने १८,१०० मग १४,८२४ मग सहा महिन्यांचे ६,०७०, पुस्तकी किंमत ६१,००६, आणि १४,९९४ नफा. मघाशी नफा ज्या बाजूला होता, तिथे आता तोटा आहे. १५,८३३ मध्ये ८,१६७ मिळवा : २४,०००. ३८,९९४ मधून १४,९९४ वजा करा : २४,०००.