एका पावसाळी गोष्टीची चौदा जोडपाने

(फोंडा येथे शिक्षक आणि चित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

चिऊताई आणि कावळ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे आणि बहुतेकांनी सांगितलीही आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे; पाऊस आला आणि कावळ्याचे घर वाहून गेले, इतक्या वाक्यांवर ती चालू लागते. हीच गोष्ट चित्रपुस्तकात एका जोडपानावर एक प्रसंग अशी मांडायची झाली, तर पहिला निर्णय चित्राचा नसून पानांच्या हिशेबाचा असतो.

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते, कारण सोळा पानांचे दोन फर्मे मिळून ते पूर्ण होते. पहिले पान मुखपृष्ठ उलटल्यावर उजवीकडे एकटे येते, दोन आणि तीन ही पाने शीर्षक आणि प्रकाशनाच्या तपशिलासाठी जातात, आणि बत्तिसावे पान पुन्हा एकटे उरते. म्हणजे चार-पाचपासून तीस-एकतीसपर्यंत आपल्या हाती चौदा जोडपाने राहतात. तोंडी सांगताना आपण पावसाला हवा तितका वेळ देतो. इथे मात्र प्रत्येक प्रसंगाला जागा मोजून द्यावी लागते.

आता खरी अडचण पाहा. कावळा दार ठोठावतो आणि चिमणी म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." मग अंग पुसते, अंगडे-टोपडे घालते, काजळ लावते, भरवते, निजवते. कानाला ही पुनरावृत्ती गोड लागते, पण डोळ्यांसमोर एकच दार सहा वेळा आले की मूल पान उलटण्याआधीच कंटाळते. माझ्या मते यावरचा उपाय पुस्तकाच्या बांधणीतच आहे. मधल्या शिवणीलाच चिमणीच्या घराची भिंत मानावी: डावे पान बाहेरचे, उजवे आतले. मराठी वाचन डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून उजवीकडे तोंड करून उभा असलेला कावळा आपोआप पुढच्या पानाकडे, म्हणजे दाराकडे पाहतो. त्याचे वाक्य डावीकडे आणि चिमणीचे उत्तर उजवीकडे ठेवले की पान उलटताना मुलाच्या मनात एकच प्रश्न राहतो: या वेळी दार उघडेल का?

मात्र उजवे पान बदलत असताना डावेही बदलले पाहिजे. पहिल्या ठोठावण्याला कावळ्याच्या पायांखाली चिखल असावा, पुढे पाणी पायरीला लागावे, नंतर एक पायरी बुडावी. गोव्यात जूनपासून पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो, आणि तो झेलणाऱ्या भिंतींना पूर्वी विणलेल्या झावळ्यांचा आडोसा करीत. इथल्या मुलांना असाच पाऊस, लाल चिरे आणि कौले ओळखीची वाटतील. तिरप्या रेषांची दिशा मात्र सर्व पानांवर एकच ठेवावी. असे केल्यावर "कावळा खूप भिजला, कुडकुडू लागला" ही वाक्ये काढून टाकावीत, कारण ती आता चित्राने सांगितली आहेत. संवाद मात्र एका अक्षरानेही कमी करू नये, कारण मोठ्याने वाचताना मुले त्यातच सामील होतात.

वाटणी साधारण अशी होते: पहिल्या चार जोडपानांत दोन घरे, भरून येणारे आभाळ, पाऊस आणि घर वाहून जाणे. हे चौथे जोडपान पूर्णपणे शब्दांविना सोडावे, आणि तिथे भिंत नसल्यामुळे चित्र शिवणीवरून सलग जावे. पाच ते दहा ही सहा जोडपाने दाराची. अकराव्यात बाळ निजले आहे आणि कोणीच बोलत नाही. बाराव्यात दार उघडते आणि कावळा प्रथमच उजव्या पानावर येतो. पुढे काय होते याचे घरोघरी वेगळे पाठ आहेत, तेव्हा उरलेली दोन जोडपाने ज्याने त्याने आपल्या पाठाप्रमाणे भरावीत.

शिवणीजवळ कोणाचा चेहरा किंवा अक्षर येऊ देऊ नये. दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर मोकळे ठेवलेले बरे, कारण पाठीला गोंद लावून बांधलेले पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि चोच आत गिळली जाते. कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो कापण्याच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर वाढवावा, नाहीतर पांढरी पट्टी दिसते.

हे सारे रंगाला हात लावण्यापूर्वी तपासता येते. आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की बत्तीस पानांची डमी तयार होते. तिच्यात अंगठ्याएवढी रेखाटने आणि मजकूर चिकटवून ती समोर बसलेल्या मुलाला वाचून दाखवावी. न्हाऊ घालण्याचे आणि अंग पुसण्याचे जोडपान अदलाबदल केले, उत्तराचे वाक्यही झाकले आणि तरी मुलाच्या लक्षात आले नाही, तर डाव्या पानावरचे पाणी पुरेसे चढलेले नाही आणि रेखाटन तिथून पुन्हा करावे लागते.