नंबर न देता बिल कसं घ्यावं

सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर मोबाईल नंबर बहुधा पहिली वस्तू स्कॅन होण्याआधीच विचारतात, कारण बिलाच्या स्क्रीनवर ग्राहकाचा रकाना सुरुवातीला उघडतो. नाही म्हणायची वेळ तीच. सगळं सामान स्कॅन झाल्यावर, मागे रांग ताटकळत असताना नाही म्हणणं जड जातं आणि कॅशियरचंही काम वाढतं. म्हणून टोपली ठेवता ठेवताच म्हणा, "ताई, पॉइंट्स नकोत. नंबर न टाकता बिल करा आणि छापील द्या." कारण सांगत बसू नका. "मेसेज फार येतात" म्हटलंत की "नाही येणार, सर" असं उत्तर येतं आणि वाद सुरू होतो. नुसत्या "नको"ला उत्तर नसतं.

पॉइंट्सचा हिशोबही करून बघा. समजा, दर शंभर रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटचे पन्नास पैसे. १,२४० रुपयांच्या बिलावर १२ पॉइंट, म्हणजे सहा रुपये. त्या बदल्यात तुमच्या नावावर खरेदीची यादी जमत जाते. हा सौदा ज्याला पटतो त्याने जरूर करावा, पण समजून.

कधी उत्तर येतं, "नंबरशिवाय सिस्टिम पुढे जात नाही." ते खरंही असू शकतं; दुकानाने तो रकाना सक्तीचा ठेवलेला असतो. तो बदलणं कॅशियरच्या हातात नसतं, तेव्हा त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. शांतपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा, किंवा "दुकानाचा नंबर टाका" म्हणा. मनाने दहा आकडे मात्र सांगू नका. तो नंबर कुणाचा तरी असतो आणि तुमचं बिल त्याच्याकडे जातं.

कायद्याचं म्हणाल तर मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना नंबरची सक्ती करू नका असं कळवलं आहे. जीएसटीच्या नियमांत साध्या ग्राहकाचं नाव-पत्ता बिलावर लागतो तो पन्नास हजार आणि त्यापुढच्या खरेदीला. तिथेही मोबाईल नंबरची अट नाही.

नंबर दिला नाही की बिल जपणं आपल्याकडे येतं. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून घरी पोचताच फोटो काढा. बिल क्रमांक आणि तारीख नीट दिसली पाहिजे. वस्तू बदलून घेताना त्यावरच बिल शोधतात. मिक्सर, टीव्ही घेताना बिलावर सीरियल नंबर छापून घ्या, वॉरंटीला तो लागतो. घरपोच सामानासाठी फोन लागणारच. तिथे "फक्त डिलिव्हरीसाठी" असं सांगा, आणि ओटीपी मागितला तर आधी मेसेज वाचा: तो अनेकदा सदस्यत्वाच्या संमतीचा असतो.

एवढं करूनही बिल नाकारलं, तर दुकानाचं नाव, शाखा आणि वेळ लिहून घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.