घरातल्या पहिल्या पदवीधराला लिहायचं पत्र

मंडळी, आज मला एका पानाच्या मजकुराबद्दल बोलायचंय. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालं तर घरच्यांनी त्याला किंवा तिला काय लिहावं, एवढाच विषय आहे. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना पत्रलेखन शिकवते. अर्ज, तक्रारी, विनंत्या लोक पटकन शिकतात. हे पत्र मात्र भल्याभल्यांना अडतं. माया कमी असते म्हणून नव्हे. ती इतकी दाटून आलेली असते की हाताशी असलेले तयार शब्द आधी कागदावर उतरतात आणि जे सांगायचं ते मागे राहून जातं.

एकच उदाहरण घेते. माझ्या वर्गात एक दादा होते. शाळा मध्येच सोडून कामाला लागलेले, कारखान्यात पाळ्या करणारे. त्यांची धाकटी बहीण संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाली. त्यांच्या घरात ही पहिलीच पदवी. दोघांना विचारूनच मी हे सांगतेय, नावं तेवढी सांगणार नाही. दादांनी मला जो पहिला मजकूर दाखवला तो असा होता:

‘चि. छोटीस अनेक आशीर्वाद. तू घराण्याचं नाव उज्ज्वल केलंस. आम्ही अडाणी राहिलो, पण तू आमचं स्वप्न पूर्ण केलंस. आमच्या कष्टांचं चीज झालं. हार्दिक अभिनंदन. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलंय. पण मी त्यांना एक गोष्ट करायला सांगितली. छोटीचं नाव झाका, तिथे शेजारच्या मुलाचं नाव घाला आणि पुन्हा वाचा. त्यांनी वाचलं. सगळं जसंच्या तसं लागू पडत होतं. ज्या पत्रातलं नाव बदललं तरी काहीच बिघडत नाही, त्यात ते माणूस अजून आलेलंच नसतं. मग मी त्यांना वाक्यांत काय कुणाचं आहे ते बघायला सांगितलं. नाव घराण्याचं, स्वप्न आमचं, कष्ट आमचे. परीक्षा तिने दिल्या, पण पत्रात ती फक्त आमचं काहीतरी पूर्ण करणारी म्हणून उभी होती. आईवडिलांचे, भावाचे कष्ट खरेच असतात. ते सांगायला दुसरी वेळ आहे. या दिवशी ते सांगितले की ऐकणाऱ्याला हिशोबाची वही उघडल्यासारखी वाटते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ‘आम्ही अडाणी राहिलो’ या वाक्यावर घालवला. दादांना ते सगळ्यात आवडतं होतं. त्यांच्या मते त्यात नम्रता होती, बहिणीला मोठेपणा दिलेला होता. मी म्हटलं, हे ती वाचेल तेव्हा तिला काय वाटेल? ते गप्प झाले.

घरातून पहिल्यांदा शिकून पुढे गेलेल्या मुलांच्या मनात अभिमानाच्या बरोबरीने एक टोचणी असते. मला हे मिळालं, घरच्यांना मिळालं नाही. दादा शाळा सोडून कामाला लागला आणि मी वाचत बसले. बाहेरून ही टोचणी दिसत नाही, कारण मुलं ती बोलून दाखवत नाहीत. रेबेका कोव्हारुबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबरोबर यावर काम केलं आणि 2015 साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांचे आईवडील कॉलेजात गेले नव्हते त्या मुलांना घरच्यांपेक्षा आपल्याला जास्त मिळाल्याची अपराधी भावना इतरांपेक्षा अधिक असल्याचं त्यांना आढळलं. पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. घरच्यांची एखादी अडचण आपण कधी सोडवली होती ते आठवायला सांगितल्यावर ही भावना कमी झाली.

आता ‘आम्ही अडाणी राहिलो’ हे वाक्य या उजेडात बघा. जिथे टोचतंय तिथेच ते बोट ठेवतं. तिला वर चढवतं आणि त्याच झटक्यात घरापासून दूर उभं करतं. तो अभ्यास दूर देशातल्या मुलांचा आहे आणि एका पत्राने आयुष्याची टोचणी जाईल असं मी मुळीच म्हणत नाही. पण पत्र लिहिणाऱ्याला त्यातून दिशा मिळते. शिकण्याच्या त्या वर्षांत तिने घरासाठी काय केलं, ते पत्रात यायला हवं. आणि ते घरच्याच माणसाने लिहायला हवं, कारण पाहणारं तेच असतं.

मी दादांना विचारलं, या वर्षांत तुम्ही तिचं काय पाहिलंत? ‘काही नाही हो,’ ते म्हणाले, ‘मी कामावर असायचो, आणि तिचा विषय मला कुठे कळतो.’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. त्याच्या आड बरंच काही असतं, म्हणून मी प्रश्न लहान करत नेते. तिला कधी रडताना पाहिलंत? तिचा अभ्यास कुठे चालायचा? तिच्या विषयातली एखादी गोष्ट तिने कधी तुम्हाला समजावली का? घरातला कुठला कागद वाचायला तुम्ही तिच्याकडे द्यायचा?

या शेवटच्या प्रश्नावर ते खुर्चीत सावरून बसले आणि एकेक निघायला लागलं. आई दवाखान्यात होती तेव्हाचे कागद. कॉलेज प्रवेशाचा फॉर्म, जो घरात कुणीच कधी पाहिला नव्हता. रात्री दाराखालून दिसणारा उजेड. आणि एक गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. एका सत्रात तिचा एक विषय राहिला होता, ते घरात फक्त त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांना दोन कामं घरी करायला दिली. पहिलं, पदवीचं नेमकं नाव आणि विषय तिच्याकडून लिहून घ्या. घरात पहिलीच पदवी असली की पदवी आणि पदविका यांची गल्लत होते, विषयाचं नाव अर्धवट लिहिलं जातं. ज्या नावासाठी तिने इतकी वर्षं घातली ते चुकलं की बाकीचं पत्र तिच्यापर्यंत पोचत नाही. दुसरं काम, पुढे काय करणार हा विषय पत्रात आणायचा नाही. नोकरी नाही, लग्न नाही, पुढचं शिक्षणही नाही. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे वाक्यही काढा म्हटलं. ते वाईट आहे म्हणून नव्हे. ते आलं की लिहिणारा आज जे झालंय त्याच्यासमोर फार वेळ उभा राहत नाही, लगेच पुढे निघतो.

आठवड्याने दादा हे घेऊन आले. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं, शब्द त्यांचे आहेत:

‘छोटे,

तू संख्याशास्त्राची पदवीधर झालीस. आपल्याकडे कॉलेजचा फॉर्म कसा भरतात हे कुणालाच माहीत नव्हतं. तू तो तीनदा भरलास. दोनदा चुकला तेव्हा तू कुणाला बोलली नाहीस, मला फाडलेले कागद दिसले होते.

रात्रपाळीहून मी यायचो तेव्हा तुझ्या दाराखालून उजेड दिसायचा. मी चपला हातात घेऊन आत यायचो, तुला कळू नये म्हणून.

तिसऱ्या सत्रात आई दवाखान्यात होती. ते अठरा दिवस तू तिथल्या बाकावर अभ्यास केलास आणि डॉक्टर काय म्हणाले ते रोज आम्हाला समजेल असं सांगितलंस. तू नसतीस तर आम्ही कुठल्या कागदावर सही करतोय हेही आम्हाला कळलं नसतं. त्याच सत्रात तुझा विषय राहिला. तो का राहिला ते मला माहीत आहे. पुढच्या खेपेला तू तो सोडवलास.

एकदा मी विचारलं होतं, तू शिकतेस तरी काय. तू म्हणालीस, शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं नीट ढवळलेलं असलं तरच. परवा कामावर माल तपासायला वरच्याच खोक्यातले नग काढत होते. मी म्हटलं, खालच्या खोक्यांतलेपण काढा. साहेबांनी विचारलं, का? मी त्यांना तुझं पातेलं सांगितलं. खालच्या खोक्यात खराब नग निघाले.

मला तुझा अभिमान वाटतो.

दादा’

या मजकुरातलं नाव झाकून बघा. दुसरं कुठलंच नाव तिथे बसत नाही. ‘अभिमान’ हा शब्द एकदाच आलाय, शेवटी, आणि तोवर तो कशाचा आहे हे आपण पाहून झालेलो असतो. मला स्वतःला खोक्यांचा परिच्छेद फार मोलाचा वाटतो. आपल्याला तिचा विषय कळत नाही असं म्हणणाऱ्या भावाने त्यातली मुळातली गोष्ट बरोबर पकडली होती. थोडे नग तपासून सगळ्या मालाबद्दल बोलायचं असेल तर ते नग सगळीकडून उचललेले हवेत, सोयीच्या जागेवरून नव्हेत. ती जे शिकली त्याचा तुकडा घरात आला आणि भावाच्या कामी पडला. ‘आम्ही अडाणी राहिलो’ हे वाक्य इथे आपोआप गळून पडलं. त्यांना ते खोडावं लागलं नाही.

राहिलेल्या विषयाबद्दल मात्र आम्ही बराच वेळ बोललो. दादांना हे पत्र घरच्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं होतं. मी म्हटलं, ती गोष्ट तिची आहे. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून ती सगळ्यांना सांगायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. एकट्याने वाचायच्या पत्रात तीच ओळ मोठा आधार होते, कारण जे लपवलं ते पाहिलेलं माणूस आपल्या बाजूने उभं आहे हे तिला कळतं. चारचौघांत वाचली तर ती तिला उघडं पाडते. म्हणून दादांनी पत्र तिच्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर फक्त फॉर्म, दवाखाना आणि खोकी एवढंच बोलले. दवाखान्याचं सांगताना आईला विचारून घेतलं. त्या दिवशीच्या बोलण्याला चार मिनिटंही लागली नसतील.

पुढच्या वर्गाला दादा ते पत्र पुन्हा घेऊन आले, मला दाखवायला. छोटीने त्यात एका ठिकाणी पेन्सिलीने दुरुस्ती केली होती. ‘तिसऱ्या सत्रात’ मधलं ‘तिसऱ्या’ खोडून वर बारीक अक्षरात ‘चौथ्या’ लिहिलं होतं. दादा तिला म्हणाले, थांब, दुसऱ्या पानावर नीट उतरवून देतो. तिने दिलं नाही. माझ्यासमोर घडी घालताना त्यांनी सांगितलं की संध्याकाळच्या आत ते तिला परत करायचंय, तशी अट घालूनच तिने ते आणू दिलंय.