पहिल्या दोन ओळी

हा गणिताच्या मॅडमचा लॅपटॉप. पडद्यावर त्यांच्या क्लासची जुनी प्रोफाइल आहे. 'पहिली ते दहावी. सर्व विषय. वैयक्तिक लक्ष. शंभर टक्के निकाल.'

शेजारी चौकशीची वही. आलेला प्रत्येक फोन मॅडम तारखेसह लिहितात. जवळजवळ प्रत्येक नोंदीत तेच दोन प्रश्न दिसतील: कितवीपर्यंत शिकवता, आणि वेळ काय? उत्तर ऐकून बहुतेकांनी फोन ठेवला. म्हणजे पालकांना जे आधी हवं होतं, तेच प्रोफाइलवर नीट लिहिलेलं नव्हतं.

आता खोडाखोड सुरू होते. मोबाइलवर यादी चाळताना सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून मॅडम तिथे लिहितात: 'आठवी ते दहावी, फक्त गणित. संध्याकाळी साडेपाच ते सात.' 'वैयक्तिक लक्ष' जातं, त्या जागी येतं: 'एका बॅचमध्ये आठ मुलं. प्रत्येकाची वही रोज तपासली जाते.' हे पालकाला येऊन पाहता येतं.

'शंभर टक्के निकाल'वर मात्र त्यांचा हात थांबतो. गेल्या वर्षी नऊ मुलं परीक्षेला बसली, नऊही पास झाली. पण त्यातली काही क्लास नसता तरी पास झाली असती, हे त्या जाणतात. ती ओळ जाते. मुलांचे फोटोही जातात, कारण त्यांच्या पालकांना कधी विचारलंच नव्हतं.

मग राहतं काय? शिकवणं.

मोबाइल स्टँडवर लावलेला आहे. कॅमेऱ्यात फक्त हात आणि कागद. मॅडम नेहमीची चूक लिहितात:

(a + b)² = a² + b²

चूक आहे, असं त्या म्हणत नाहीत. a च्या जागी 3, b च्या जागी 4 घालून बघा, म्हणतात. डावीकडे सातचा वर्ग, 49. उजवीकडे 9 आणि 16, म्हणजे 25. मग 24 गेले कुठे? त्या सात एकक बाजूचा चौरस काढतात, आत दोन रेघा मारतात. एक मोठा चौरस, एक छोटा, आणि मध्ये दोन आयत, प्रत्येकी बाराचे. हरवलेले 24 सापडले. 2ab पाठ करावं लागत नाही, ते डोळ्यांना दिसतं.

दोन मिनिटांचा हा व्हिडिओ आता प्रोफाइलवर सगळ्यात वर आहे. मॅडम कशा शिकवतात, हे पालकांना फोन करण्याआधीच कळतं. आमच्या मते खरी जाहिरात हीच.

फोन आता कमी येतात, पण करणारे बहुतेक पालक डेमो तासाला येतात.

हा त्यातलाच एक तास. मुलगा वही उघडतो. मॅडम त्याच्या पहिल्याच उदाहरणावर बोट ठेवतात, आणि पेन्सिलीने शेजारी एक चौरस काढतात.