आज रात्रीपर्यंत

[दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं शेत. वेचणी सुरू.]

पऱ्हाटी पांढरी झाली आहे. वेचणाऱ्या हातांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे दिसतात. कापूस सरकारी खरेदी केंद्रावर गेला, की पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. म्हणून या दिवसांत खात्याची काळजी जास्त. काकांना मेसेज आला तोही याच दिवसांत.

[दृश्य : मोबाईलचा पडदा, जवळून.]

"आपले केवायसी संपले आहे. आज रात्रीपर्यंत अपडेट न केल्यास खाते बंद होईल." खाली लिंक.

यात विश्वास बसण्यासारखं बरंच होतं. पीएम किसानसाठी केवायसी केलं होतं, घरातल्या बाईनं लाडक्या बहिणीसाठी केलं होतं. आणखी एक, एवढंच वाटलं.

"खातं बंद झालं त कापसाचे पैसे कुठी जमा होतीन? म्हून दाबलं मी."

[दृश्य : पडद्यावर बोट.]

लिंकवर एक फाईल उतरली. नावाच्या शेवटी .apk. ती घेण्याआधी फोननं विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप चालवायचं का? 'हो' दाबलं. मग ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. मोडलं ते इथेच. पुढे फॉर्ममध्ये खाते क्रमांक, कार्डाचा नंबर, पिन भरला आणि पडदा गोल फिरत राहिला. त्याच वेळी बँकेचा ओटीपी फोनवर येत होता आणि त्याची प्रत दुसरीकडे पोचत होती. ओटीपी काकांनी कुणालाच सांगितला नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात, आणि ते खरंच आहे. सांगायची गरजच उरली नव्हती.

दोन व्यवहारांत अडतीस हजार गेले.

पुतण्यानं स्वतःच्या फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. काकांचा फोन आधी इंटरनेटपासून तोडला, कारण ॲप त्यातच होतं. थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली. उरलेली गेली. ग्राहकाच्या चुकीनं गेलेली रक्कम बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी, असा 2017 पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

[दृश्य : शाखेची पायरी. रांग.]

खरं केवायसी असं होतं. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या सूचनांप्रमाणे मुदतीआधी बँकेनं किमान तीनदा कळवायचं, त्यात एक तरी पत्रानं. 'आज रात्री' त्यात बसत नाही. पत्ता, नाव काही बदललं नसेल, तर तसं लिहून देणं पुरतं. गावातल्या बँक मित्राकडेही ते देता येतं. बँकेचं संकेतस्थळ आता bank.in वर संपतं. या लिंकचा शेवट तसा नव्हता, पण तो पाहायचा असतो हे गावात सांगितलं कुणी? बँकेच्या भिंतीवर कर्जाच्या जाहिराती आहेत, ही ओळ नाही.

[दृश्य : बँक मित्राचं टेबल. अंगठ्याचं यंत्र.]

काकांनी पासबुक पुढं केलं. बँक मित्रानं नोंद पाहिली. केवायसीला अजून चार वर्षं आहेत.